कलम घेताना विचारा: कशावरचं?

तळेगाव ढमढेऱ्यात आणि शिक्रापूर-सणसवाडीकडच्या नव्या वसाहतींत अंगणात, गच्चीत, जिन्याखाली कुंड्या मांडणाऱ्या सगळ्यांना माझं एक मागणं आहे. रोपवाटिकेतून गुलाब, सीताफळ, पेरू, डाळिंब यांपैकी काहीही उचलताना नुसतं 'कलमी आहे ना?' एवढं विचारून थांबू नका. हो, कलमीच आहे, असं उत्तर मिळेल आणि ते खरंही असेल. पण आपल्याकडे कलम या एकाच शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मावतात. त्यांतली कोणती आपल्या कुंडीत आली, हे कळल्याशिवाय त्या झाडाचं काय कापायचं आणि काय ठेवायचं, हे ठरवता येत नाही.

पहिल्या प्रकारात झाड एकाच जिवाचं असतं. झाडावरची पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडतात, तिच्यावरची बोटभर रुंदीची साल गोलाकार काढतात, तिथे ओलं शेवाळ लावून वर प्लॅस्टिक घट्ट बांधतात. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत आतून मुळ्या दिसू लागतात, मग खालून कापून ती फांदी वेगळी लावतात. ही गुटी. फांदी वाकवून जमिनीत दाबली आणि तिथेच मुळं फुटू दिली की दाब कलम. नुसती काडी कापून खोचली की छाट कलम. या तिन्हींत मूळ आणि शेंडा एकाच जातीचे असतात.

दुसऱ्या प्रकारात दोन झाडं एकत्र आणलेली असतात. खाली मुळासकट खुंट, वर हव्या त्या जातीची काडी. खुंट चिरून त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवली की पाचर कलम. काडीऐवजी एकच डोळा सालीखाली सरकवून बांधला की त्याला डोळा भरणं म्हणतात. आंब्याच्या कोयीतून नुकत्याच वर आलेल्या कोंबावर काडी बांधली की कोय कलम. या सगळ्यांत खोडावर एक जोड राहतो, गाठीसारखा, थोडासा वाकडा. जोडाच्या वरचं झाड आपण विकत घेतलेलं. खालचं दुसऱ्याच जातीचं, बहुधा रानटी आणि जोमदार.

मुळात हा खटाटोप का, तर बी आईवर जाईलच असं नाही म्हणून. आज सगळीकडे मिळणारा सरदार पेरू पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी 1927 साली बियांपासून वाढवलेल्या रोपांतून निवडला. त्याचं बी पेरलं तर रोपागणिक फळ वेगळं येईल. तोच पेरू हवा तर त्याच झाडाची फांदी किंवा डोळा पुढे न्यावा लागतो.

आता गुलाबाचं बघू. आमच्या शेजारच्या वहिनींच्या कुंडीत टपोऱ्या लाल फुलांचा गुलाब होता. दुसऱ्या वर्षी त्याला बुडापासून लांबच लांब, हिरवीगार काडी फुटली. झाड जोरात आहे म्हणून त्यांनी ती जपली. पुढे फुलं कमी झाली, मग लाल फांद्या वाळल्या, आणि सगळे म्हणू लागले की झाड जंगली झालं. झाड जंगली होत नसतं. खुंटाला फुटवा आला होता आणि तो वरच्या डोळ्याचं अन्न खात होता.

हे वेळीच कसं ओळखायचं? सात पानांचा फुटवा जंगली आणि पाच पानांचा आपला, असं पुष्कळ जण सांगतात. त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही सात पानं येतात. सीताफळात तर खुंटही सीताफळाचाच असतो, त्यामुळे पान बघून काहीच उमजत नाही. खात्रीची खूण एकच, फुटवा निघाला कुठून. बुडाजवळची माती बोटांनी बाजूला करा, जोड शोधा. फुटवा जोडाच्या खालून निघाला असेल तर तो काढायचाच. मातीलगत कात्रीने कापू नका. खाली राहिलेल्या तुकड्यावरचे डोळे जागे होतात आणि एकाचे तीन फुटवे होतात. जिथून निघाला तिथे धरून खालच्या बाजूला ओढून मुळासकट उपटा.

डाळिंबाला मात्र हा नियम लावू नका. आपल्याकडची डाळिंबाची रोपं बहुतेक गुटीची असतात. त्यांच्या बुडातून आलेला फुटवाही त्याच जातीचा. कुंडीत गर्दी नको म्हणून दोन-तीन चांगली खोडं ठेवून बाकीची काढा, पण सगळं खोड वाळलं तरी झाड गेलं असं समजू नका. बुडातून आलेल्या फुटव्यातून तेच डाळिंब पुन्हा उभं राहतं. म्हणून घेतानाच विचारा: गुटी आहे की खुंटावरचं? मग चिठ्ठीवर लिहून कुंडीला बांधा.

छाटणी या शब्दाचंही थोडं असंच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला नुसतं 'छाटणी कर' म्हटलं तर तो विचारेल, कोणती? एप्रिलची खरड छाटणी की ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि किती डोळ्यांवर? पहिलीने नवी काडी तयार होते, दुसरीने फळ येतं. अंगणातल्या गुलाबाला एवढं लागत नाही, पण डोळे मोजायची सवय घ्या. पाऊस सरला की ऑक्टोबरात वाळक्या आणि बारीक काड्या काढा, तीन-चार जोमदार फांद्या ठेवा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून त्याच्या पाव इंच वर तिरपा काप घ्या. फार वर कापलं तर मधली काडी वाळते आणि ती वाळ खाली उतरते, फार खाली कापलं तर डोळाच दुखावतो. सहा-सात आठवड्यांत फूल दिसतं.

खताबद्दल एवढंच, की शेणखत असो, कंपोस्ट असो, गांडूळ खत असो, नावापेक्षा ते कुजलं आहे का, हे बघा. उकिरड्यावरून आणलेलं ओंजळभर खत ओलं करून पिशवीत बांधून दोन-तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर ते अजून कच्चं आहे. ते कुंडीत कुजत राहतं, गरम होतं, पानं पिवळी पडतात, आणि शेणखतातून हुमणीही येते.

पिशवीवर पॉटिंग मिक्स लिहिलेलं असतं ती म्हणजे कुंडीची माती, ती घरी करता येते. आपल्याकडची काळी माती एकटी भरू नका. पाण्याने ती दाबून बसते आणि उन्हाने भेगाळते. एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं खत, एक घमेलं जाड वाळू किंवा विटांचा चुरा घ्या. कुंडी भरून तांब्याभर पाणी ओता. थोड्या वेळात खालच्या भोकातून पाणी यायला हवं. नाही आलं तर वाळू वाढवा.

कुंडी भरताना जोड मातीच्या चार बोटं वर ठेवा. खाली गेला तर तो कुजू शकतो आणि खुंटाचा फुटवा कुठून आला, हेही कळत नाही. जोडावर रोपवाटिकेतली प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर नीट बघा. जोड पक्का झाला असेल, वर नवी फूट चांगली वाढली असेल, तर पट्टी ब्लेडने उभी चिरून काढून टाका. तशीच राहिली तर खोड जाड होताना ती आत रुतते आणि वाऱ्याने फांदी नेमकी तिथेच मोडते.