सुनावणीआधी सुरू होणारे निलंबन

वाहन चालवण्याची अनुज्ञप्ती, म्हणजे बोलीभाषेतील लायसन, आणि वाहनाचा परवाना, म्हणजे रिक्षा, टॅक्सी किंवा मालट्रक भाड्याने चालवण्याची परिवहन प्राधिकरणाने दिलेली परवानगी, या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली माणसाच्या कौशल्याला मिळते आणि दुसरी व्यवसायाला, म्हणूनच एकाच रिक्षावर एकाचा परवाना आणि दुसऱ्याचे लायसन अशी स्थिती महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत सर्रास आढळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याने या दोहोंच्या निलंबनाचे अधिकार वेगवेगळ्या कलमांत ठेवले आहेत. लायसनधारकाला ठरावीक मुदतीसाठी अनर्ह ठरवण्याचा किंवा लायसन रद्द करण्याचा अधिकार कलम १९ अन्वये अनुज्ञापन प्राधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात आरटीओ कार्यालयातील संबंधित अधिकाऱ्याला आहे, तर परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार कलम ८६ अन्वये तो परवाना देणाऱ्या परिवहन प्राधिकरणाला आहे. कलम १९ मध्ये धारकाला ‘म्हणणे मांडण्याची संधी’ दिल्यावरच आदेश काढावा असे आहे आणि कलम ८६ मध्ये परवानाधारकाला ‘खुलासा करण्याची संधी’ दिल्याशिवाय कारवाई करू नये असे आहे. कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन मात्र दोन्हीकडे आहे.

ही संधी आज गृहीत धरली जात असली तरी ती फार जुनी नाही. १९५३ साली लंडनमधील एका टॅक्सीचालकाचे लायसन पोलीस आयुक्तांनी रद्द केले तेव्हा त्याला आपला साक्षीदार उभा करू दिला गेला नव्हता, आणि तेथील उच्च न्यायालयाने, लायसन म्हणजे केवळ परवानगी असून ती काढून घेणारा अधिकारी न्यायाधीशासारखे वागण्यास बांधील नाही, असे म्हणून त्याची तक्रार फेटाळली होती. भारतात प्रशासकीय निर्णय आणि न्यायिक निर्णय यांच्यातील ही भिंत सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या क्रायपाक प्रकरणात बरीचशी पाडली आणि १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणात, पासपोर्ट जप्तीच्या संदर्भात, बाधित व्यक्तीचे म्हणणे ऐकणे हा न्याय्य कार्यपद्धतीचा भाग ठरवला. त्यामुळे सुनावणी द्यावी की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. ती केव्हा द्यावी, हा प्रश्न मात्र २०१९ च्या दुरुस्तीने नव्याने उभा केला आहे.

त्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये चौथे पोटकलम घातले, आणि अतिवेग, धोकादायक वाहन चालवणे, मद्यप्राशन करून वाहन चालवणे, रस्त्यावर शर्यत लावणे, दुचाकीवर तिघांनी बसणे, हेल्मेट न घालणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा ठरावीक अपराधांबाबत पोलीस अधिकाऱ्याने चालकाचे लायसन जप्त करून ते कलम १९ खालील कार्यवाहीसाठी अनुज्ञापन प्राधिकाऱ्याकडे पाठवावे असे बंधन आणले. जप्तीच्या वेळी चालकाला तात्पुरती पोच मिळते. याच कलमाखालील इतर जप्तींमध्ये अशा पोचेवर लायसन परत मिळेपर्यंत वाहन चालवता येते. परंतु चौथ्या पोटकलमातील पोच तसा अधिकार देत नाही, असे परंतुकात स्पष्ट म्हटले आहे. परिणामी चालकाची बंदी सुनावणीच्या दिवशी नव्हे तर चौकातच सुरू होते, आणि लायसन किती दिवसांत पुढे पाठवावे किंवा सुनावणी किती दिवसांत घ्यावी याची मुदत या दोन्ही कलमांत कोठेही घातलेली नाही. मद्यधुंद चालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाकामागे बसू न देण्यामागे सबळ कारण आहे, हे मान्य करावेच लागेल. परंतु हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वाराला, ज्याचा धोका मुख्यतः त्याच्या स्वतःच्या डोक्याला आहे, नेमका तोच नियम लावणे हे प्रमाणाचे भान सुटल्याचे लक्षण वाटते.

जप्त करणे आणि निलंबित करणे हे दोन वेगळे अधिकार आहेत, ही गोष्ट रस्त्यावर अनेकदा पुसली जाते. २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे अतिवेगाचे असे एक प्रकरण आले, ज्यात वाहतूक पोलिसांच्या सहायक आयुक्तांनीच लायसन निलंबित केले होते. पोलीस लायसन जप्त करून पुढे पाठवू शकतात, मात्र धारकाला अनर्ह ठरवण्याचा अधिकार अनुज्ञापन प्राधिकाऱ्याचाच आहे, असे सांगून न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. म्हणून निलंबनाचा कागद हाती पडताच त्यावर कोणत्या पदाची सही आहे हे आधी पाहावे.

सुनावणीत अधिकाऱ्यापुढे असलेले पर्याय मोजकेच आहेत. कलम १९ च्या पोटकलम (१अ) नुसार त्याने धारकाला मोकळे करावे, किंवा सविस्तर कारणे नोंदवून पहिल्या अपराधासाठी तीन महिने अनर्ह ठरवावे, आणि दुसऱ्या वा पुढच्या अपराधासाठी लायसन रद्द करावे. एक महिन्याची ताकीदवजा बंदी असा मधला मार्ग तेथे नाही. मात्र ही बंदी लायसनवरील सर्व वर्गांच्या वाहनांसाठी किंवा त्यांपैकी कोणत्याही एका वर्गासाठी घालता येते, हे त्याच पोटकलमात लिहिलेले असून सुनावणीत फार थोडे लोक त्याचा उपयोग करतात. दिवसभर टॅक्सी चालवून पोट भरणारा माणूस संध्याकाळी दुचाकीवर हेल्मेटविना सापडला असेल, तर बंदी दुचाकीच्या वर्गापुरती ठेवावी अशी लेखी विनंती त्याने करणे पूर्णपणे कायद्याला धरून आहे, आणि ती नाकारायची असल्यास तिचे कारण आदेशात यायला हवे.

येथे ई-चलानाचा एक छुपा परिणाम लक्षात घ्यावा लागतो. दंड भरून प्रकरण मिटवले की ते संपले, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु २०१९ नंतरच्या कलम २०० नुसार दंड भरून मिटवलेला अपराधही पुढील वेळी ‘पूर्वीचा अपराध’ म्हणून मोजला जातो आणि दंड भरल्याने कलम २०६ (४) खालील कार्यवाही टळत नाही. वाहन मुलगा चालवत होता आणि चलान वडिलांच्या नावाने आले, तरी कटकट नको म्हणून ते भरून टाकणाऱ्या वडिलांना हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

परवान्याच्या बाबतीत गुंतागुंत वेगळी आहे, आणि ती एका कल्पित पण नेहमीच्या प्रसंगातून नीट दिसते. समजा, रेल्वे स्थानकाबाहेर एका रिक्षाचालकाने जवळचे भाडे नाकारले आणि प्रवाशाने वाहन क्रमांकासह आरटीओकडे तक्रार केली. भाडे नाकारण्याबद्दल तीनचाकीसाठी कलम १७८ मधील दंड आजही जास्तीत जास्त ५० रुपये आहे, परंतु तेच वर्तन परवान्याच्या अटीचा भंग ठरले की कलम ८६ लागू होते आणि पंधरा दिवसांचे निलंबनही त्या दंडाच्या कित्येक पट महाग पडते. तक्रारीत क्रमांक असल्यामुळे कारणे दाखवा नोटीस, म्हणजे ‘कारवाई का करू नये ते सांगा’ असे विचारणारे पत्र, परवानाधारकाच्या नावे निघते. तो कदाचित सेवानिवृत्त असून त्याने गाडी रोजच्या ठरावीक रकमेवर दुसऱ्या चालकाकडे दिलेली असते, आणि त्या दुपारी स्थानकावर काय घडले याची त्याला कल्पनाही नसते. नोटिशीत ‘आपल्याविरुद्ध प्रवाशाची तक्रार प्राप्त झाली आहे, सात दिवसांत खुलासा करावा’ एवढेच लिहिलेले असेल तर तिला उत्तर देणे अशक्य आहे, कारण तारीख, वेळ, ठिकाण, भंग झालेली अट आणि योजलेली कारवाई यांपैकी काहीच त्यात नाही. अशा वेळी मौन पाळणे हा सर्वांत वाईट मार्ग ठरतो. तक्रारीची प्रत मागणारे पत्र आवक क्रमांकासह त्याच मुदतीत दाखल करणे आणि प्रत्यक्ष सुनावणीची मागणी त्यातच नोंदवणे योग्य, कारण कलम ८६ मधील संधी केवळ लेखी खुलाशाने पुरी झाली असे कार्यालय म्हणू शकते.

प्रत मिळाल्यावर खुलाशाचा मुद्दा ठरतो. त्या वेळी गाडी कोणाकडे होती, ती सीएनजीच्या रांगेत होती का, त्या पाळीचा चालक कोण, या गोष्टी पंपाच्या पावतीवरून किंवा मीटर तपासणीच्या नोंदीवरून दाखवता आल्या तर त्यांचे वजन तोंडी नकारापेक्षा कितीतरी अधिक असते. त्या वेळी चालक कोण होता हे विचारल्यास मालकाने सांगणे कलम १३३ नुसार बंधनकारक आहे, त्यामुळे चालकाला पाठीशी घालून परवाना वाचवता येत नाही. उलट चालकाचे नाव दिल्यावर दोष मालकाच्या परवान्यावर ठेवायचा की चालकाच्या लायसन-बॅजवर, हा प्रश्न प्राधिकरणाला विचारपूर्वक सोडवावा लागतो.

या टप्प्यावर होणारी आणखी एक चूक बारकाईने पाहण्याजोगी आहे: एका अधिकाऱ्याने ऐकायचे आणि दुसऱ्याने सही करायची. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली, आंध्रमधील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध खासगी बसमालकांनी आणलेल्या गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणात, सचिवांनी हरकती ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला या कारणाने ती सुनावणी पोकळ ठरवली होती. त्यामुळे सुनावणीच्या दिवशी समोर कोण बसले होते, याची नोंद परवानाधारकाने स्वतःजवळ ठेवावी, आणि आदेश आल्यावर नोटिशीत नसलेला आरोप त्यात शिरला आहे का तेही पडताळावे. भाडे नाकारल्याची नोटीस देऊन मीटरमध्ये फेरफार केल्याच्या कारणावरून परवाना निलंबित करणारा आदेश अपिलात टिकणे कठीण असते.

अपिलाचे मार्गही दोन आहेत. लायसनबाबतच्या आदेशाविरुद्ध तो मिळाल्यापासून तीस दिवसांत राज्य शासनाने विहित केलेल्या प्राधिकाऱ्याकडे जावे लागते, तर परवान्याबाबत कलम ८९ नुसार राज्य परिवहन अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागते. केवळ अपील दाखल केल्याने निलंबन थांबत नाही. स्थगितीचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि पंधरा दिवसांच्या निलंबनात स्थगिती पहिल्या दोन-तीन दिवसांत मिळाली नाही तर अपील जिंकूनही हाती काही उरत नाही. कदाचित म्हणूनच कलम ८६ च्या पाचव्या पोटकलमाकडे बहुतेक परवानाधारक वळतात, ज्यानुसार अटीच्या भंगासारख्या प्रकरणांत निलंबनाऐवजी ठरलेली रक्कम घेऊन प्राधिकरण प्रकरण मिटवू शकते. ही रक्कम परवानाधारकाने ‘मान्य’ केलेली असावी लागते, सक्तीने लादता येत नाही. तरीही सुनावणीची तारीख पुढच्या महिन्याची आणि तडजोडीची पावती आजच मिळणारी असेल, तर आपली बाजू खरी असलेला माणूसही खिडकीवर पैसे भरून रिक्षा रस्त्यावर काढतो आणि त्याचा खुलासा कोणी वाचतच नाही.