रविवारच्या रात्रीची बिर्याणी: माकणीकरांना तातडीचं आवाहन

माकणीत हॉटेलात भजी घेताना कढई समोर असते. तेल काळं दिसलं तर आपण न घेता पुढे जातो. पण गावातली जी पोरं-पोरी शिकायला, कामाला पुण्यात राहतात, त्यांची मेस रविवारी संध्याकाळी बंद असते आणि त्या रात्रीचं जेवण मोबाइलवर मागवलं जातं. ते कुठं शिजलं, हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून आई-वडिलांनो, येत्या रविवारच्या आत घरच्या पोरांना फोन करा आणि पुढच्या गोष्टी सांगा.

ऑनलाइन यादीत हॉटेलं दोन जातीची असतात. एकात लोक बसून जेवतात. दुसरं म्हणजे क्लाउड किचन. तिथे टेबल-खुर्च्या नाहीत, नुसतं स्वयंपाकघर. एकाच भटारखान्यातून चार-पाच नावांनी पदार्थ निघू शकतात. यात बेकायदा काही नाही. पुण्यातच सुरू झालेल्या फासोसची मालक कंपनी आज रिबेल फूड्स म्हणून ओळखली जाते. फासोसचे रोल, बेहरूझची बिर्याणी आणि ओव्हन स्टोरीचा पिझ्झा हे तिचेच ब्रँड. अडचण वेगळी आहे. तारे मिळतात ते नावाला, भटारखान्याला नाही. एक नाव बदनाम झालं की त्याच चुलीवर दुसरं नाव लावता येतं. बसून जेवायची हॉटेलंही आता दुसऱ्या नावानं पार्सल विकतात, त्यामुळे फक्त क्लाउड किचनवर संशय घेऊन भागत नाही.

खरी ओळख नावात नाही, नंबरात आहे. अ‍ॅपमध्ये हॉटेलचं पान अगदी तळापर्यंत सरकवलं की FSSAI चा 14 आकडी क्रमांक दिसतो. तो जागेनुसार मिळतो. दोन वेगळ्या नावांखाली तोच क्रमांक दिसला तर स्वयंपाकघर एकच समजा. क्रमांक 1 ने सुरू झाला तर तो परवाना, 2 ने झाला तर लहान व्यवसायाची नोंदणी. घरगुती डबेवाल्या मावशींची नोंदणी 2 ची असू शकते, त्यात वावगं काही नाही. foscos.fssai.gov.in वर हा क्रमांक टाकून नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे का ते पाहा. परवाना म्हणजे स्वच्छतेची हमी नव्हे. काही बिघडलं तर कुणाला धरायचं, एवढंच त्यातून कळतं. बसायचं हॉटेल जवळ असेल तर एकदा दिवसा जाऊन भांडी धुण्याची जागा बघून या. क्लाउड किचनमध्ये ही सोय सहसा नसते.

चवीचं म्हणाल, तर क्लाउड किचनचे पदार्थ पुष्कळदा प्रवासाच्या हिशेबानंच बेतलेले असतात. बिर्याणी, रोल पोचेपर्यंत बरे राहतात. डोसा, भजी मात्र डब्यातल्या वाफेनं मऊ पडतात, ते हॉटेलात बसूनच खावेत. गर्दीच्या वेळी बसलेल्या गिऱ्हाइकाला आधी वाढलं जातं आणि पार्सल गल्ल्याजवळ थंड होत राहतं, हेही ध्यानात ठेवा.

किमतीत सूट बघून भुलू नका, शेवटची रक्कम बघा. समजा, क्लाउड किचनची बिर्याणी 260 ची, सूट 100, पॅकिंग 20. झाले 180. त्यावर 5 टक्के जीएसटी 9 रुपये. पोचवण्याचे 40, प्लॅटफॉर्म फी 15, त्यांवरचा कर धरून आणखी सुमारे 10. एकूण 254. तीच बिर्याणी कोपऱ्यावरच्या हॉटेलात 200 ला असेल, तर स्वतः जाऊन पार्सल आणलं की करासकट 210 मध्ये काम होतं. अ‍ॅपवाल्यांना कमिशन द्यावं लागतं म्हणून अनेक हॉटेलं अ‍ॅपवर दरच वाढवून लावतात. एक फोन करून दर विचारायला काय जातं?

आता सगळ्यात तातडीचं. अर्धी बिर्याणी सकाळसाठी खोलीत झाकून ठेवू नका. शिजवताना न मेलेले बॅसिलस सिरियस जंतूंचे बीजाणू कोमट भातात वाढीला लागतात आणि त्यांचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. भाताला वासही येईलच असं नाही. गरम अन्न 60 अंशांच्या वर राहायला हवं. डबा हाताला कोमट लागला तर तो बराच वेळ पडून होता, असं धरा. फ्रिज नसेल तर दोन तासांत संपवा, नाहीतर टाकून द्या. पैसे गेले तरी चालतील.

डब्याचं सील तुटलेलं असेल तर घेऊ नका. खाऊन त्रास झाला तर आधी डॉक्टर. बिल, डब्याचे फोटो आणि उरलेलं अन्न जपून ठेवा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला 1800222365 वर तक्रार करा आणि तो 14 आकडी क्रमांक सांगा. नुसतं हॉटेलचं नाव सांगितलं, तर त्याच पत्त्यावरची बाकीची नावं निसटतात.