आरंभीची शिल्लक कोण गृहीत धरते?

हवाई बेटावरच्या हुआलालाई ज्वालामुखीतून १८००-०१ साली लाव्हा वाहिला. १९६९ साली ब्रेंट डॅलरिंपल यांनी पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने त्याचे वय प्रसिद्ध केले, ते आले १४ ते १६ लाख वर्षे. खडकांच्या वयमापनावर आक्षेप घेणारे हे उदाहरण हमखास पुढे करतात. त्यांचे म्हणणे असे की, खडक थिजला तेव्हा त्यात आर्गॉन मुळीच नव्हता असे शास्त्रज्ञ आधी गृहीत धरतात आणि मग मनाजोगते वय काढतात.

आकडा खरा आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. डॅलरिंपल यांनी तपासलेल्या २६ ऐतिहासिक लाव्हांपैकी बहुतेकांत जादा आर्गॉन सापडलाच नाही. ज्या थोड्यांत सापडला, त्यांची नोंद त्यांनी स्वतःच केली. आक्षेपकांचा पुरावा असा भूशास्त्रज्ञांच्याच कामातून उचललेला आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी. एकाच नमुन्यातला एकूण आर्गॉन मोजून वय काढले, तर आरंभीचा आर्गॉन किती हे खरोखरच गृहीत धरावे लागते. आयसोक्रॉन पद्धत ते गृहीत धरत नाही, मोजते. वहीतली आरंभीची शिल्लक माहीत नसली, तरी वेगवेगळ्या रकमांवरच्या व्याजाची तुलना करून शिल्लक आणि काळ दोन्ही काढता येतात, तसा हा हिशेब आहे.

सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडले. धाकट्या प्लिनीच्या पत्रांमुळे ते वर्ष पक्के ठाऊक आहे. १९९७ साली बर्कलीचे पॉल रेने आणि सहकाऱ्यांनी त्या उद्रेकाच्या प्युमिसमधले सॅनिडिन या पोटॅशियमयुक्त खनिजाचे स्फटिक घेतले. आधी अणुभट्टीत त्यांच्यावर न्यूट्रॉनचा मारा केला. त्याने थोड्या पोटॅशियमचे आर्गॉन-३९ होते, म्हणजे पोटॅशियम किती हेही त्याच वायूतून कळते. मग लेसरने स्फटिक टप्प्याटप्प्याने तापवले आणि प्रत्येक टप्प्यात सुटलेला वायू वेगळा मोजला. आलेखावर आडव्या अक्षावर आर्गॉन-३९ आणि उभ्या अक्षावर आर्गॉन-४०, दोन्ही आर्गॉन-३६ च्या प्रमाणात मांडले. बिंदू एका रेषेवर आले. त्या रेषेचा उतार वय सांगतो आणि ती उभ्या अक्षाला छेदते तिथे आरंभीच्या आर्गॉनचे प्रमाण वाचता येते.

हवेत ते प्रमाण २९५.५ धरले जाई. इथे ते सुमारे ३०७ निघाले. म्हणजे जादा आर्गॉन होता, आणि तो रेषेनेच दाखवून दिला. हवेचे प्रमाण डोळे झाकून वापरले असते, तर वय सुमारे ३,३०० वर्षे आले असते. रेषेवरून आले १,९२५, चूक ९४ वर्षे इकडे किंवा तिकडे. खरे वय होते १,९१८. ज्या दोषाचा बाऊ केला जातो, तो हजर असूनही उत्तर बरोबर आले.

आता आक्षेपाचा जो भाग खरा आहे तो मान्य केलाच पाहिजे. सरळ रेषा म्हणजे आपोआप वय नव्हे. जादा आर्गॉन दोन वेगळ्या प्रकारचा असेल, तर बिंदू विखुरतात आणि दोष लगेच कळतो. पण जादा वायू प्रत्येक टप्प्यात पोटॅशियमच्या ठराविक प्रमाणातच सुटला, तर रेषा सुरेख सरळ येते आणि वय खोटे असते. ही लबाडी त्या आलेखात पकडता येत नाही. म्हणून त्याच थरातले कमी पोटॅशियमचे खनिज, उदाहरणार्थ प्लॅजिओक्लेज, स्वतंत्रपणे मोजतात. तेवढाच जादा आर्गॉन तिथे वय कितीतरी अधिक फुगवतो, त्यामुळे दोन खनिजांची वये जुळत नाहीत. एका रेषेवर विसंबून छापलेले वय मीही पक्के मानणार नाही.

सर्वांत कडक तपासणी मात्र दुसऱ्या घड्याळाची. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टची वये २०१९ साली दोन गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केली. एकाने लाव्हाच्या थरांतले प्लॅजिओक्लेज आर्गॉनने मोजले. दुसऱ्याने थरांमधल्या लाल पट्ट्यांतले झिर्कॉन युरेनियम-शिशाने मोजले. झिर्कॉन घडताना युरेनियम सामावून घेतो आणि शिसे जवळजवळ बाहेर ठेवतो. आर्गॉन अडकण्याचा प्रश्न तिथे येतच नाही. उद्रेक चार झटक्यांत झाले की बऱ्यापैकी सलग, यावर दोन्ही गटांचे पटत नाही. पण मुख्य उद्रेक ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास झाले आणि दहा लाख वर्षांच्या आत आटोपले, हे दोघांनाही मान्य आहे. पोटॅशियम आणि युरेनियम यांच्या ऱ्हासाचे वेग वेगळे, खनिजे वेगळी, बिघडण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. जादा आर्गॉनने हे वय फुगवले असे म्हणणाऱ्याने झिर्कॉनमधले शिसे तेवढ्याच वर्षांनी कसे फुगले, ते सांगावे.