लवकर येणाऱ्याची सूट

सणासुदीला सूट दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, हा धुळ्याच्या आग्रा रोडवरचा जुना सिद्धान्त. पांझरा ओलांडून तो देवपूरलाही आला आणि आता घरून पापड-बिबडे विकणाऱ्या बायांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कूपन कोड होऊन बसला आहे. सिद्धान्त सांगणारे पुरावाही देतात : ऑफरच्या आठवड्यात विक्री दुप्पट होते. दुप्पट होते, हे मला मान्य आहे. ती वाढलेली विक्री येते कुठून, एवढाच माझा प्रश्न आहे.

समजा, देवपूरच्या एका ताई उडदाचे पापड ४०० रुपये किलोने विकतात. उडीद, मसाला, लाटणाऱ्या बायांची मजुरी आणि पॅकिंग धरून खर्च २८० रुपये. किलोमागे सुटतात १२०. आखाजीच्या तोंडावर त्यांनी २० टक्के सूट जाहीर केली. भाव झाला ३२० आणि हातात उरले ४०. गिऱ्हाइकाच्या लेखी सूट एक पंचमांशाची, पण ताईंच्या नफ्यातले दोन तृतीयांश गेले. आधीएवढाच पैसा सुटायचा तर माल तिप्पट खपायला हवा. आणि तिप्पट पापड लाटायला हात कुठून आणायचे, वाळवायला गच्ची कुठून आणायची?

आता त्यांची वही पाहू. ऑफर नव्हती त्या वर्षी चैत्रातल्या चार आठवड्यांत दर आठवड्याला ६० किलो गेले होते, एकूण २४०. ऑफरच्या वर्षी पहिल्या आठवड्यात ५० गेले, दुसऱ्यात ३०, ऑफरच्या आठवड्यात १२० आणि नंतर पुन्हा ३०. एकूण २३०. लक्षात राहतात ते १२०, कारण त्या आठवड्यात फोन ठेवायला फुरसत नव्हती. पण आधीच्या वर्षी सुटले होते २८,८०० रुपये, या वर्षी १८,०००. नवीन गिऱ्हाईक आलंच नाही. जुनंच पुढच्या-मागच्या आठवड्यातून उठून स्वस्ताच्या आठवड्यात जाऊन बसलं. म्हणून ऑफरचा हिशेब त्या आठवड्यापुरता कधी करू नये. आधीचे दोन आणि नंतरचे दोन आठवडे त्यात धरावेत, आणि कोड वापरणारी नावं जुन्या वहीत आहेत का ते पाहावं. ऐन फाल्गुनात “ताई, यंदा ऑफर कधी?” असा मेसेज आला की समजावं, सवय लागली.

ही सवय किती चिवट असते ते खादीने दाखवलं आहे. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसमुळे खादी आपल्या खानदेशाला परकी नाही. सूत वर्षभर कातलं जातं, माग वर्षभर चालतो. पण सरकारी रिबेट गांधी जयंतीला वाढायचा, म्हणून गिऱ्हाईक २ ऑक्टोबरची वाट पाहायचं. तोवर माल कपाटात आणि संस्थेचा पैसा मालात अडकलेला. शेवटी २०१० साली केंद्र सरकारने विक्रीवरचा रिबेट बंद करून उत्पादनमूल्याच्या २० टक्के बाजार विकास साहाय्य सुरू केलं, आणि त्यात कातणाऱ्या-विणणाऱ्यांचाही वाटा ठेवला. तरी आजही खादी भांडारातली गर्दी पाहायची तर ऑक्टोबरातच जावं लागतं. सरकारने धोरण बदललं, गिऱ्हाइकाने कॅलेंडर बदललं नाही.

यावर दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतील, मग सूटच बंद करा, एकच भाव. मलाही हे ऐकायला बरं वाटतं, पण ते टिकत नाही. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीने २०१२ साली कूपनं आणि सेल एकदम काढून टाकले आणि रोजचेच भाव कमी ठेवले. वर्षभरात विक्री सुमारे पाव हिश्श्याने घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये हे धोरण आणणाऱ्या प्रमुखांना, रॉन जॉन्सन यांना, जावं लागलं. वर्षानुवर्षं सवय लावलेल्या गिऱ्हाइकाला एका सकाळी सवय सोडायला सांगता येत नाही. शिवाय सणाला दुकानदाराने हात सैल सोडावा, ही अपेक्षा आपल्याकडे गैर मानली जात नाही, आणि मानूही नये.

माझं म्हणणं असं की सूट द्यावी, पण थांबणाऱ्याला देऊ नये. लवकर येणाऱ्याला द्यावी. मराठी प्रकाशक हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. प्रकाशनपूर्व सवलतीत जो आधी पैसे भरतो त्याला ग्रंथ कमी किमतीत मिळतो आणि छापून आल्यावर येणारा पूर्ण किंमत देतो. तिथे वाट पाहणाऱ्याचं नुकसान होतं. सणाच्या ऑफरमध्ये नेमकं उलट होतं : पूर्ण भावाने आधी घेणारं भलं गिऱ्हाईक मूर्ख ठरतं आणि पुढच्या वर्षी तेही थांबतं.

पापडांना हे लावू. होळीच्या आत पैसे भरून नोंदणी करणाऱ्याला ३६० रुपये, पाडव्यापर्यंत ३८०, आखाजीच्या आठवड्यात सरळ ४००. होळीचा भाव पहिल्या २०० किलोंपुरताच. यात ताई किलोमागे ४० सोडतात, म्हणजे ८,००० रुपये. पण ७२,००० रुपये आगाऊ हातात येतात, उडीद एकदम भरता येतो, किती बाया बोलवायच्या ते कळतं. तेच २०० किलो आखाजीला २० टक्के सुटीने गेले असते तर १६,००० गेले असते आणि बदल्यात काहीच आलं नसतं. मर्यादाही सांगतो. नेहमीची गिऱ्हाइकं या सवलतीत शिरणारच, ते थांबवता येणार नाही. म्हणून २०० किलोंची वेस पाळावी लागते आणि आखाजीला माल उरला तरी भाव पाडायचा मोह आवरावा लागतो. एकदा शेवटच्या दिवशी भाव पडला, की आधी पैसे भरणारे पुढच्या होळीला येत नाहीत.

सणाच्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवायचं नसेल तर भाव न तोडता वर काही द्यावं. दोन किलोंवर पाव किलो कुरडया दिल्या तर ताईंना खर्च पडतो तो बनवण्याचा, गिऱ्हाइकाला मिळते ती विकत्या भावाची वस्तू, आणि पापडाचा भाव त्याच्या डोक्यात ४०० च राहतो.

कोडचंही असंच. AKHAJI10 हा कोड कोणीही ओळखू शकतं, आणि ग्रुपवर टाकला की तासाभरात गावभर होतो. त्याऐवजी पुण्याला नव्याने राहायला गेलेल्या मुलीला पहिल्या मागणीसाठी, तिच्याच नंबरावर एकदाच चालणारा कोड द्यावा. तो नवीन गिऱ्हाईक आणतो, जुन्याला शिकवत काही नाही. ऑनलाइन दुकान असेल तर पैसे भरायच्या पानावरची “कूपन टाका” ही मोकळी चौकट आधी काढावी. ज्याच्याकडे कोड नाही त्याला ती सांगते की तू जास्त पैसे देतो आहेस. तो कोड शोधायला जातो आणि पुष्कळदा परत येत नाही. सवलत लिंकमधूनच आपोआप लागू द्यावी. पिशवी भरून पैसे न भरता गेलेल्याला दुसऱ्या दिवशी सुटीचा मेसेज पाठवणं तर सर्वांत घातक. चार जणींना एकदा मिळाला की पाचवी मुद्दाम पिशवी सोडून जाते.

हे सगळं आपल्या हातच्या मालाला लागू आहे. मोबाइल, मिक्सर यांचं तेच मॉडेल दसऱ्या-दिवाळीच्या सेलमध्ये देशभर स्वस्त मिळतं. तिथे देवपूरच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाची सवय मोडायला जाऊ नये. त्याने जोडणी, दुरुस्ती आणि बिघडल्यावर त्याच दिवशी बदलून देणं यांवर उभं राहावं. आणि आषाढात दमट हवेने मऊ पडू लागलेला पापड पडत्या भावाने काढायलाही हरकत नाही, फक्त तो ताज्या मालाच्या यादीत ठेवू नये आणि “गेल्या हंगामातला” असं पाकिटावर लिहावं.