आमच्या बँकेची जाहिरात २ लाख १० हजार घरांत पोचली म्हणे. शहरात घरं किती?

परवा आमच्या सहकारी बँकेची वार्षिक सभा झाली. मी भागधारक आहे, वडिलांच्या वेळचे शेअर्स आहेत. अहवाल वाचन, चहा, वडा, आणि मग पडद्यावर एक स्लाइड आली. दिवाळीच्या आधी महिनाभर बँकेनं नव्या ठेव योजनेची २० सेकंदांची जाहिरात ‘कनेक्टेड टीव्ही’वर, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या टीव्हीवरच्या स्ट्रीमिंग ॲप्समध्ये चालवली होती. खर्च ६ लाख. स्लाइडवर आकडे होते ते असे: १५ लाख वेळा दाखवली, ९७ टक्के वेळा पूर्ण पाहिली गेली, २ लाख १० हजार घरांत पोचली आणि त्यानंतर १८ हजार ४०० लोक बँकेच्या वेबसाइटवर आले. ‘एका भेटीमागे फक्त ३३ रुपये’ ही ओळ हिरव्या रंगात होती. टाळ्या पडल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शहाणपणा म्हणून नाही, अपराधीपणा म्हणून. बारा वर्षं मी पुण्यात जाहिरात एजन्सीत हेच काम केलंय. असल्या स्लाइड मी स्वतः बनवल्यात, हिरवा रंगही दिलाय. त्यामुळे त्या चार आकड्यांच्या पोटात काय असतं ते मला माहीत आहे, आणि सभासदांच्या पैशाच्या हिशेबात ते असेच खपवले जाणार असतील तर गप्प बसणं बरं नाही.

आधी ते ९७ टक्के. जाहिरात सुरू झाली, पाव झाली, अर्धी झाली, पाऊण झाली, संपली, असे पाच निरोप ॲप सर्व्हरला पाठवतं. शेवटचा निरोप आला की ‘पूर्ण पाहिली’. पण ही जाहिरात पुढे ढकलता येत नव्हती! मॅचच्या मध्ये आली, २० सेकंद चालली, संपली. तुम्ही तेव्हा कुकरची शिट्टी बंद करायला गेलात की फोनमध्ये डोकं घातलंत, हे ॲपला कळत नाही. एसटीत बसलेला माणूस शेवटच्या थांब्यापर्यंत गेला म्हणजे त्यानं बाहेरचा सगळा देखावा पाहिला, असं म्हणण्यातला हा प्रकार. टाळता न येणाऱ्या जाहिरातीत ९५च्या पुढे आकडा येतोच. तो नाही आला तर काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं.

आणि टीव्ही बंद असला तरी? टीव्हीला मागून लावलेली स्ट्रीमिंगची काठी किंवा डबा स्वतःच्या अडॅप्टरवर चालतो. आपण रिमोटनं टीव्ही बंद करतो, डबा आत चालूच राहतो. ॲप पुढचा भाग लावतं, जाहिरात दाखवतं, ‘पूर्ण’ असा निरोपही पाठवतं. अमेरिकेत २०२२ साली ग्रुपएम आणि आयस्पॉट यांनी हे मोजलं. अशा काठ्या, डबे आणि गेम कन्सोलमधून टीव्हीवर जाणाऱ्या जाहिरातींपैकी सुमारे १७ टक्के जाहिराती टीव्ही बंद असताना चालत होत्या. काळ्या पडद्यावर. पैसे मात्र पूर्ण.

आता दुसरा आकडा, म्हणजे घरं. सभेत मी हात वर केला तो इथेच. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीप्रमाणे आमच्या शहरात घरं आहेत साधारण १ लाख ३० हजार. जाहिरात फक्त शहरापुरती होती, हे त्यांनीच सांगितलं. मग २ लाख १० हजार घरं आणली कुठून? स्टेजवर थोडी कुजबुज झाली. एजन्सीचा मुलगा (चांगला हुशार मुलगा आहे, त्याच्यावर राग नाही) म्हणाला, “सर, ते सिस्टिममधून येतं.”

बरोबर आहे, सिस्टिममधूनच येतं. कसं ते सांगतो. सिस्टिमला तुमचं घर दिसत नाही. तिला दिसतो इंटरनेटचा आयपी पत्ता, आणि एक पत्ता म्हणजे एक घर असं ती धरून चालते. आपल्याकडे हा पत्ता कायमचा नसतो. लाइट गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की बऱ्याचदा नवा पत्ता मिळतो. महिन्यात पाच वेळा लाइट गेली तर जोशींचं एक घर कागदावर सहा घरं होऊ शकतं. शिवाय मी नंतर उपकरणांची यादी मागवली तर १५ लाखांतल्या ३ लाख ३० हजार वेळा जाहिरात मोबाइलवर दिसलेली. टीव्हीचं बजेट, मोबाइलचा पडदा. मोबाइल घरी एका पत्त्यावर, रस्त्यात दुसऱ्या, ऑफिसात तिसऱ्या. तोही ‘घरं’ वाढवत फिरतो.

कुणी म्हणेल, मग दोनानं भागा की. तेही जमत नाही, कारण चूक उलट्या बाजूनंही होते. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते कमी पडतात म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या आणि गल्लीतले केबलवाले अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. अख्खी सोसायटी सिस्टिमला एक घर दिसते. म्हणजे इकडे एकाची सहा आणि तिकडे चाळीसांचं एक. दोन्ही चुका किती ते माहीत नाही, म्हणून खरा आकडा त्यातून काढताही येत नाही. आमच्याकडे बेरीज शहरापेक्षा मोठी आली म्हणून चूक उघडी पडली. ती ९० हजार आली असती तर कुणाला शंकासुद्धा आली नसती, आणि ती तितकीच चुकीची असू शकली असती.

याचा त्रास फक्त कागदावर नाही. १५ लाखांना २ लाख १० हजारांनी भागलं की एका घराला सात वेळा, असं स्लाइडवर छान दिसतं. आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र मॅचच्या प्रत्येक ओव्हरनंतर तीच जाहिरात बघितली आणि वैतागून मला विचारलं, “तुमच्या बँकेला दुसरं काही काम नाही का रे?” घर मोजता आलं नाही तर एका घराला किती वेळा दाखवायची याची मर्यादाही पाळता येत नाही.

आता खरा मुद्दा. १८ हजार ४०० भेटी. टीव्हीवर कुणी क्लिक करत नाही. मग कळतं कसं? बँकेच्या वेबसाइटवर एजन्सीनं एक छोटा कोड बसवला, त्याला पिक्सेल म्हणतात. कुणी साइट उघडली की तो आयपी पत्ता टिपतो. मग जाहिरात ज्या पत्त्यांवर गेली त्यांची यादी आणि साइटवर आलेल्यांची यादी जुळवायची. जाहिरातीनंतर ३० दिवसांत त्या पत्त्यावरून कुणीही आलं की ती भेट जाहिरातीच्या खात्यात. तो का आला, हे कुणी विचारत नाही.

मी बँकेच्या संगणक विभागाकडे लेखी अर्ज करून साइटची स्वतःची नोंद घेतली. जाहिरातीच्या आधीच्या महिन्यात साइटवर भेटी होत्या ४१ हजार. जाहिरातीच्या महिन्यात ४१ हजार ६००. वाढल्या ६००! आणि जाहिरातीनं आणल्या १८ हजार ४००? मग जाहिरात नसती तर नेहमीचे १७ हजार ८०० ग्राहक त्या महिन्यात अचानक रुसून बसले असते, असं मानावं लागेल.

ते १८ हजार ४०० कोण, तेही बघितलं. त्यातले १५ हजार ९०० थेट नेटबँकिंगच्या लॉगिन पानावर गेले होते. म्हणजे आपणच. दूधवाल्याचे पैसे पाठवायला, पगार जमा झाला का बघायला. ज्या ठेव योजनेची जाहिरात होती तिच्या पानावर गेले ३१०. बाकीचे २ हजार १९० सुट्ट्यांची यादी, आयएफएससी कोड, शाखेची वेळ असल्या पानांवर. शहरातल्या जवळपास निम्म्या कनेक्शनवर काहीही दाखवा, नेहमी येणाऱ्यांतले निम्मे ‘जाहिरात पाहून आलेले’ ठरतात. आमच्या ६ लाखांत साबणाची जाहिरात दाखवली असती तरी बँकेच्या साइटवरच्या भेटींचा आकडा साधारण हाच आला असता.

आणि एक गोष्ट राहून जाते. बाहेरच्या कंपनीचा कोड लॉगिनच्या पानावर कुणाच्या परवानगीनं बसला? संचालक मंडळाच्या ठरावात मला तो कुठे सापडला नाही.

आता यावर उत्तर ठरलेलं असतं: “पेपरातली जाहिरात तरी कुठे मोजता येते?” नाही येत. पण पेपरवाला तुमच्या दारात येऊन अमुक इतके लोक माझ्यामुळे आले असं सांगत नाही. टीव्हीचं रेटिंग काढणारी बार्क निवडक घरांत मीटर बसवून अंदाज काढते आणि त्याला अंदाजच म्हणते. इथे अंदाजाला शेवटच्या आकड्यापर्यंत मोजणी म्हणतात, भांडण तेवढंच आहे. जाहिरातीनं काहीच झालं नसेल असंही मी म्हणत नाही. त्या ६०० मधले काही खरंच तिच्यामुळे आले असतील. दिवाळीमुळेही आले असतील. दोन्ही वेगळं करण्याची सोय आधी केली नव्हती, आता उपाय नाही.

सोय अवघड नव्हती. बँकेच्या शाखा चार गावांत आहेत. दोन गावांत जाहिरात चालवायची, दोन गावांत नाही, आणि महिन्यानंतर शाखांमध्ये नव्या ठेवी किती उघडल्या ते चारही ठिकाणी, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघायचं. आयपी नको, पिक्सेल नको, पासबुकं पुरेत. किंवा एजन्सीला सांगायचं की ज्यांना दाखवायची त्या यादीतला दहावा भाग चिठ्ठी टाकून बाजूला काढा, त्यांना दाखवू नका, पण त्यांच्याही भेटी मोजा. समजा दाखवलेल्यांत हजारी १०० आले आणि न दाखवलेल्यांत हजारी ९७, तर जाहिरातीचं काम हजारी ३. १०० नाही. पत्ते गोंधळलेले असल्यानं हाही हिशेब काटेकोर येत नाही, पण निदान नेटबँकिंगवाले दोन्हीकडे सारखेच येतात आणि वजा होऊन जातात. हे मोठे जाहिरातदार मागून घेतात. आम्ही एजन्सीत असताना लहान जाहिरातदारांना आपणहून सांगत नव्हतो, कारण ३ चा आकडा घेऊन पुढच्या वर्षीचं बजेट मागणं अवघड जातं.

सभेत अध्यक्षसाहेब म्हणाले, “तुमची सूचना नोंदवून घेतो.” शेवटच्या पानावर पुढच्या वर्षीची जाहिरात तरतूद होती ९ लाख. ती मंजूर झाली. मी विरोध नोंदवला, माझ्याबरोबर अजून चार हात होते.

म्हणून काल मी बँकेला लेखी पत्र दिलंय, पोच घेतली आहे. तीन गोष्टी मागितल्यात. लॉगिनच्या पानावरचा पिक्सेल या आठवड्यात काढा. ९ लाखांतला एक रुपयाही खर्च करण्याआधी कुठली दोन गावं जाहिरातीशिवाय ठेवणार ते लेखी कळवा. आणि पुढच्या अहवालात ‘जाहिरातीनंतरच्या भेटी’ या आकड्याशेजारी त्याच महिन्यातल्या एकूण भेटी आणि आधीच्या महिन्यातल्या एकूण भेटी छापा. पत्राचा मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. तुमच्या बँकेच्या, पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या सभेत अशी स्लाइड आली असेल तर नाव बदलून वापरा, आणि उत्तर काय मिळालं ते मला खाली लिहा.