पाकीट बदलून फायदा नाही



दोन पाकिटांच्या कोड्यावरील लेखात ‘पाकीट बदलण्यात सरासरी पंचवीस टक्के फायदा’ असे ठामपणे म्हटले आहे. ते चूक आहे. हातात ‘क्ष’ रुपये, तर दुसऱ्यात दुप्पट किंवा निम्मे, म्हणून सरासरी सव्वा क्ष, असा लेखकाचा हिशेब. पण त्यातला क्ष दोन्ही वेळी एकच नाही.

पाकिटांत 500 आणि 1000 रुपये आहेत असे धरा. दुसरे पाकीट दुप्पट असते ते हातात 500 असताना. निम्मे असते ते हातात 1000 असताना. पहिल्या वेळी 500 मिळतात, दुसऱ्या वेळी 500 जातात. सरासरी फायदा शून्य. शिवाय लेखकाचाच नियम पाळला, तर बदलून घेतलेले पाकीटही लगेच पुन्हा बदलावे लागेल!

पाकीट उघडून रक्कम पाहिली तर गोष्ट वेगळी, एवढे मान्य. मात्र तेव्हाही दुप्पट-निम्म्याची शक्यता समसमान धरता येत नाही. पाकिटात 2000 पेक्षा जास्त टाकलेले नाहीत हे ठाऊक असेल आणि हाती 2000 आले, तर बदलणाऱ्याचे 1000 रुपये नक्की जातील. पाकिटे कोणी, कोणत्या रकमांतून भरली, हे लेखात कुठेच नाही. ते सांगावे, नाहीतर पंचवीस टक्क्यांचा दावा मागे घ्यावा.

— एक वाचक, पाचोड (ता. पैठण)