विश्लेषण : सौदे पाच, पैज एकच? ‘पोर्टफोलिओ हीट’ कशी मोजतात?

लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांनंतर ३ जून २०२४ रोजी ‘निफ्टी’ तीन टक्क्यांहून अधिक उसळला. दुसऱ्या दिवशी, निकालाचे कल स्पष्ट होताच, तो १,३७९ अंशांनी म्हणजे ५.९३ टक्क्यांनी कोसळला. त्या दिवशी अनेक ट्रेडर्सचे नुकसान त्यांच्या हिशेबाच्या कितीतरी पुढे गेले. प्रत्येक सौद्याची जोखीम मोजली होती, पण सगळ्या सौद्यांची मिळून मोजली नव्हती. ही एकूण खुली जोखीम म्हणजेच ‘पोर्टफोलिओ हीट’.

हीट मोजायची कशी?

खरेदीचा भाव आणि स्टॉप लॉस यांतील फरकाला समभागांच्या संख्येने गुणले की एका सौद्याची जोखीम मिळते. सर्व खुल्या सौद्यांची बेरीज करून तिचे भांडवलाशी प्रमाण काढले की झाली हीट.

समजा, एका ट्रेडरचे भांडवल पाच लाख रुपये आहे. त्याने ३ जूनला बाजार बंद होताना स्टेट बँक, एनटीपीसी, पॉवर ग्रिड, ओएनजीसी आणि कोल इंडिया हे पाच समभाग प्रत्येकी एक लाख रुपयांचे घेतले आणि प्रत्येकाचा स्टॉप लॉस पाच टक्के खाली ठेवला. प्रत्येक सौद्यात पाच हजार, म्हणजे भांडवलाच्या एक टक्का जोखीम. एकूण हीट पाच टक्के. कागदावर सारे शिस्तीत.

मग बिघडले कुठे?

बँक, वीज, तेल, कोळसा अशी क्षेत्रे वेगवेगळी असल्याने जोखीम विभागली गेली, असे त्याला वाटले असणार. पण पाचही कंपन्यांत मोठा हिस्सा सरकारचा आहे आणि आदल्या दिवशीची तेजी ‘सत्ताधाऱ्यांना भक्कम बहुमत मिळणार’ या एकाच गृहीतकावर उभी होती. ते डळमळले आणि पाचही समभाग एका दिवसात साधारण १२ ते १६ टक्के घसरले. स्टॉप लॉस पाळला असता तरी पाचही एकाच सकाळी लागून २५ हजार गेले असते. ‘भाव परत येईल’ म्हणून दिवसभर थांबलेल्याचे सुमारे ७० हजार, म्हणजे भांडवलाच्या १४ टक्के. त्याच दिवशी हिंदुस्थान युनिलिव्हर वधारला होता, कारण त्याचा भाव त्या गृहीतकावर उभा नव्हता.

पाच सौदे म्हणजे खऱ्या किती पैजा?

याचा ढोबळ अंदाज सहसंबंधावरून येतो. दोन समभाग अगदी एकत्र हलत असतील तर सहसंबंध १, काहीच नाते नसेल तर शून्य. सारख्या आकाराच्या पाच सौद्यांत सरासरी सहसंबंध ०.८ असेल, तर त्याला चाराने गुणून एक मिळवायचा. येतात ४.२. त्याने पाचाला भागले की उत्तर १.२. म्हणजे पाच सौदे दिसत असले तरी पैज जेमतेम सव्वा! सहसंबंध ०.३ असता, तर ती सव्वादोनच्या आसपास असती.

सहसंबंध स्प्रेडशीटमध्ये काढता येतो. शेवटच्या ६० दिवसांतील रोजचे टक्केवारी बदल दोन रकान्यांत भरून हे सूत्र वापरावे :

```
=CORREL(B2:B61,C2:C61)
```

इथे भाव नव्हे, रोजचा बदलच घ्यायला हवा. तेजीच्या काळात सगळेच भाव चढत असतात, त्यामुळे नुसत्या भावांवरून नसलेले नातेही घट्ट दिसते. एक मर्यादा मात्र उरतेच. हा आकडा मागच्या शांत दिवसांचा असतो, आणि घबराटीत सहसंबंध नेमका वाढतो. म्हणून आकड्याआधी स्वतःला विचारावे : कोणत्या एका बातमीने माझे सगळे सौदे तोट्यात जातील?

मर्यादा कुठे घालायची?

रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत घडवलेल्या ‘टर्टल’ ट्रेडर्सच्या नियमांत याचे उत्तर होते. एका बाजारात जास्तीत जास्त चार युनिट, निकटचे नाते असलेल्या बाजारांत मिळून सहा, आणि एकाच दिशेने एकूण बारा. म्हणजे मर्यादा सौद्याला नव्हती, गटाला होती.

आपल्या उदाहरणात सरकारी समभागांचा एक गट मानून त्याला दोन टक्क्यांची मर्यादा घातली, तर प्रत्येक सौद्याला दोन हजारांची जोखीम येते आणि खरेदी एक लाखाऐवजी ४० हजारांची होते. पाचही स्टॉप लॉस लागले तर नुकसान दहा हजार. न विकता थांबले तरी सुमारे २८ हजार. भाव चढून स्टॉप लॉस खरेदीच्या पातळीवर आणला की त्या सौद्याची हीट शून्य धरतात. पण बाजार मोठ्या फरकाने खाली उघडला तर त्या भावाला खरेदीदारच नसतो. त्यामुळे निकाल, अर्थसंकल्प किंवा पतधोरणाच्या आदल्या संध्याकाळी ही ‘शून्य’ हीटही थोडी धरलेलीच बरी.